गोधडीची किंमत सांगायची कशी? करंगळी लावून

प्रदर्शनात गोधडीच्या स्टॉलवर उभं राहिलं की एक वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं, "जुन्या साड्यांचीच तर आहे, एवढे कसे?" पहिल्या वर्षी मी यावर नुसती हसायची. दुसऱ्या वर्षी "हाताचं काम आहे हो ताई" म्हणायला लागले. समोरच्या बाई मान डोलवायच्या आणि पुढच्या स्टॉलवर जायच्या. हाताचं काम आहे हे त्यांना दिसतच होतं. ते किती आहे हे दिसत नव्हतं, आणि मलाही ते सांगता येत नव्हतं, कारण मी कधी मोजलंच नव्हतं.

नव्याने गोधड्या विकायला लागलेल्यांसाठी हे लिहितेय. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला हिला वाकळ म्हणतात, पण गिऱ्हाईक गोधडी म्हणतं, म्हणून इथे गोधडीच म्हणते. सगळ्याचा मुद्दा एकच: घडणीची गोष्ट अशी सांगायची की गिऱ्हाइकाला ती समोरच्या वस्तूवर हात ठेवून तपासता आली पाहिजे. जी तपासता येत नाही ती गोष्ट गोड असली तरी तिचे पैसे कुणी देत नाही.

पहिली पायरी: एक गोधडी वहीसमोर शिवा

विकायची गोष्ट नंतर, आधी स्वतःला कळायला हवी. एक गोधडी घ्या आणि ती शिवताना शेजारी वही ठेवा. बसलात की वेळ लिहा, उठलात की वेळ लिहा. चहा, दार वाजलं, दूध उतू गेलं, हे सगळं वजा.

माझी वहीतली गोधडी सात फूट बाय पाच फुटांची होती, चार थरांची. कामं अशी निघाली: साड्या धुणं, फॉल-काठ उसवणं, कापणं यात चार तास. वरच्या थराची ठिगळं जोडायला पाच. जमिनीवर थर अंथरून, सुरकुती काढून कच्चे टाके घालायला दोन. कडेचा गोट लावायला तीन. शेवटी कच्चे टाके काढणं आणि दोऱ्याची टोकं आत दडवणं, एक तास. हे पंधरा झाले.

राहिला धावदोरा. तो घड्याळ लावून मोजत बसलात तर मोजण्यातच जीव जाईल, म्हणून एक सोपी युक्ती. सुईत ओवलेल्या एका दोऱ्यात किती लांबीची ओळ होते आणि त्याला किती मिनिटं लागतात एवढंच मोजा. ओवणं, गाठ मारणं, गाठ थरात ओढून घेणं हे सगळं त्यात धरायचं. माझा एक दोरा साधारण चार फूट चालतो आणि दहा मिनिटं घेतो. दहा-बारा दोऱ्यांची सरासरी काढा, कारण सकाळचा हात वेगळा आणि संध्याकाळी पाचचा वेगळा.

आता पूर्ण गोधडीत ओळ किती लांब? ही गंमत मला बरीच उशिरा कळली. दोरा कडेने फिरत फिरत मधोमध जावो किंवा सरळ उभा घाला, ओळीची एकूण लांबी जवळपास तेवढीच येते: गोधडीचं क्षेत्रफळ भागिले दोन ओळींमधलं अंतर. सात फूट म्हणजे 84 इंच, पाच फूट म्हणजे 60 इंच, गुणाकार 5,040. ओळी अर्ध्या इंचावर असतील तर दुप्पट, म्हणजे 10,080 इंच. 840 फूट. अडीचशे मीटरहून लांब एकच ओळ, सुईने ओढलेली. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजारांच्या वर टाके.

चार फुटांच्या हिशोबाने 210 दोरे, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे 35 तास. वरचे पंधरा मिळवून पन्नास. हे आकडे माझ्या हाताचे आहेत. तुमचा हात वेगळा, थर वेगळे, दोरा वेगळा, तेव्हा माझे आकडे उचलून पाटीवर लिहू नका. एखादी जाणकार बाई स्टॉलवर सुई मागून घेते आणि "चार टाके घालून दाखवा" म्हणते, माझ्याबाबतीत झालंय.

दुसरी पायरी: किंमत आधी स्वतःपुरती मांडा

त्या गोधडीची मांडणी अशी. बोहारणीकडून घेतलेल्या पाच साड्या, 500 रुपये. दोरा 120, गोटाचं कापड 180. सामान 800. पन्नास तासांना तासाचे 60 रुपये धरले, आठ तासांच्या दिवसाला 480; म्हणजे मजुरी 3,000. पिशवी, चिठ्ठी, खोका 150. बेरीज 3,950. त्यावर वीस टक्के: स्टॉलचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, आणि जी गोधडी दोन वर्षं न विकता कपाटात राहते तिचा भार. आले 4,740, लावली किंमत 4,750.

हे दर माझ्या वहीतले, तुमच्या गावात वेगळे असतील. पण एक गोष्ट कुठेही फारशी बदलणार नाही: साड्यांचा वाटा दहा-अकरा टक्के. गिऱ्हाईक ज्या गोष्टीकडे बोट दाखवून "जुन्या साड्या" म्हणतंय, ती किमतीतली अगदी लहान गोष्ट आहे. तीस हजार टाके मात्र त्याच्या डोळ्यांसमोर असून त्याला दिसत नाहीत.

ही मांडणी गिऱ्हाइकाला जशीच्या तशी वाचून दाखवायची का? मी एकदा छापून टांगली होती. दिवसभर लोक त्यातल्या एकेका ओळीशी घासाघीस करत बसले. "पिशवी नको, दीडशे कमी करा." "तासाला साठ कशाला, आमच्याकडे…" असो. आता ती वहीत असते. कुणी मनापासून विचारलं तर वही उघडून दाखवते, आणि असं विचारणारं माणूस शक्यतो घासाघीस करत नाही.

तिसरी पायरी: दिसत नाही ते बोटाखाली आणा

ओळींमधलं अंतर अर्धा इंच म्हणजे साधारण करंगळीची रुंदी. पाऊण इंच म्हणजे मधल्या बोटाची. आमच्या गटात आता "करंगळीची गोधडी" आणि "बोटाची गोधडी" असंच म्हणतात, आणि विकायला हेच शब्द सगळ्यात जास्त कामी आले.

बोटाच्या गोधडीचं गणित करून बघा. 5,040 भागिले पाऊण, 6,720 इंच, 560 फूट. 140 दोरे, तेवीस तासांच्या थोडं वर. म्हणजे त्याच मापाच्या, त्याच कापडाच्या गोधडीत बारा तासांचा फरक. मजुरी सातशेने कमी आणि किंमत 3,900 च्या आसपास. लांबून दोन्ही सारख्या दिसतात.

म्हणून स्टॉलवर या दोन गोधड्या शेजारी शेजारी टांगा, किमती दिसतील अशा. गिऱ्हाईक विचारणारच, "ही 3,900 आणि ही 4,750, का?" तेव्हा बोलायचं कमी. "ताई, जरा करंगळी ठेवा इथे, दोन ओळींच्या मध्ये. आता तिकडे ठेवा." तिकडे करंगळी सैल पडते. "या फरकात आमचे बारा तास आहेत." एवढंच. गेल्या दोन हिवाळ्यांत माझा अनुभव असा की यानंतर बहुतेक जण गोधडीची पाठ उलटून बघतात, आणि पाठ बघितलेलं गिऱ्हाईक सहसा पुढे सरकत नाही.

पाठीवर काय दाखवायचं? हातच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा, टाका आणि मोकळी जागा, असं दिसतं. वर जिथे टाका तिथे खाली मोकळं, आणि उलट. मशीनच्या शिलाईत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे ओळ दोन्ही बाजूंनी सलग दिसते. आणखी एक खूण म्हणजे हातच्या दोऱ्याने कापड किंचित गोळा होतं आणि ओळींमध्ये बारीक लाटा येतात. गिऱ्हाइकाला कधीकधी हा दोष वाटतो, "चुरगळलीय का?" म्हणून विचारतात. न विचारताच सांगून टाका की दोरा ओढला की असंच होतं, आणि म्हणूनच शिवून झाल्यावर गोधडी दोन-तीन इंच आखडते. चिठ्ठीवर माप लिहिताना शिवल्यानंतरचंच लिहा. मी एकदा कापतानाचं लिहिलं होतं आणि गादीवर अंथरून मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने फोन केला होता.

चौथी पायरी: जुन्या साडीचं उत्तर तयार ठेवा

हा प्रश्न टाळू नका, उलट आपणहून काढा. जुनी सुती साडी स्वस्त म्हणून नाही घेत. नव्या कापडात खळ असते, ते पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं, आणि चार थर चार प्रकारे आटले की आत गोळे होतात. वीस-पंचवीस वर्षं धुतलेली साडी आटायची तेवढी आटलेली असते, रंग सोडायचा तेवढा सोडलेली असते, आणि चार थरांतून सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते.

पण कुठलीही जुनी साडी चालत नाही, आणि निवड कशी होते हे सांगण्यासारखं आहे. साडी खिडकीसमोर उजेडात धरायची. निऱ्यांचा भाग, पावलाशी घासलेला काठाजवळचा पट्टा, बसून बसून विरलेला मागचा भाग, इथून उजेड जास्त येतो. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं ताणायचं. चांगलं कापड ताण धरतं. विरलेलं "चर्र" करून हलकेच सुटतं, कधीकधी फाटत नाही पण धागे बाजूला सरकतात आणि मध्ये जाळी दिसते. तेवढा भाग कापून टाकायचा. त्या पाच साड्यांपैकी एक अख्खी बाद झाली, उरलेल्या चारांतूनही बरंच गेलं.

मी स्टॉलवर विरलेल्या साडीचा एक हातभर तुकडा ठेवते. "ही बाद केलेली. ओढून बघा." लोक ओढतात, जाळी दिसते, आणि मग "जुन्या साड्यांचीच" हे वाक्य परत येत नाही. त्यांना कळतं की जुन्यातून निवडणं हेही एक काम आहे.

पाचवी पायरी: चिठ्ठी

स्टॉलवर तुम्ही असता. पण गोधडी भेट म्हणून दिली जाते, व्हॉट्सॲपवरून विकली जाते, आणि तिथे चिठ्ठीच बोलते. साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ नका. माझ्या चिठ्ठीचा मजकूर असा असतो:

"हातशिलाईची गोधडी. शिवल्यानंतरचं माप 81 × 57 इंच. चार थर, सगळे वापरलेल्या सुती साड्यांचे. कडेचा गोट नव्या सुती कापडाचा. ओळींमधलं अंतर अर्धा इंच, करंगळी ठेवून बघा. एकूण ओळ सुमारे 840 फूट, सगळी हाताने. ठिगळं आणि गोट मशीनवर जोडले आहेत. काम सुमारे 50 तास. पहिली दोन धुणी वेगळी, गार पाण्यात. पिळू नका, सावलीत वाळवा."

यात एक वाक्य मुद्दाम आहे: ठिगळं आणि गोट मशीनवर. बऱ्याच जणी हे लपवतात. लपवू नका. गिऱ्हाइकाला गोटावर मशीनची शिलाई दिसतेच, आणि ती चिठ्ठीत नसली की तीस हजार हातच्या टाक्यांवरही संशय येतो.

शिवणारीचं नाव घालायचं असेल तर तिला विचारून. आमच्यातल्या दोघींना नाव हवं असतं, एकीला अजिबात नको. तिच्या चिठ्ठीवर नाव नसतं, बस्स. एका गोधडीवर दोघींनी काम केलं असेल तर तेही लिहा, कारण टाक्यांची लांबी मध्येच बदललेली दिसते. ती चूक वाटण्याऐवजी दोन हात म्हणून दिसते.

काय लिहू नये? "आजीच्या मायेची ऊब" हे सध्या प्रत्येक गोधडीवर असतं, कारखान्यातून आलेल्या रजईवरसुद्धा. "शंभर वर्षांची परंपरा" तपासता येत नाही. आणि शिवणाऱ्या बायकांच्या गरिबीची कहाणी तर नकोच. तिने एखादी गोधडी दया म्हणून खपते, दुसऱ्यांदा कुणी दयेने विकत घेत नाही. शिवाय जिची कहाणी आहे ती बाई शेजारीच उभी असते आणि ऐकत असते.

माझी एक चूक

धुण्याची सूचना चिठ्ठीत आली ती एका फटफजितीमुळे. आधीच्या चिठ्ठीत मी मोठ्या ऐटीत लिहीत असे, "जुन्या साड्या, रंग जाणार नाही." साड्यांच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पण त्या गोधडीला गोट होता नव्या लाल कापडाचा आणि तो मी न धुता लावला होता. गिऱ्हाइकाने कोमट पाण्यात भिजवली. पांढऱ्या ठिगळांवर गुलाबी ओघळ. त्यांनी फोटो पाठवला, शब्दही न लिहिता. पैसे परत दिले.

तेव्हापासून नवं कापड कापण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघते. फडक्यावर रंग उतरला तर मिठाच्या पाण्यात ठेवण्याचे वगैरे उपाय लोक सांगतात, माझा त्यांवर भरवसा नाही. मी रंग यायचा थांबेपर्यंत धुते, नाही थांबला तर ते कापड गोटाला वापरत नाही.

सहावी पायरी: फोटो

घडी घालून, शेजारी फूल आणि चहाचा कप ठेवून काढलेला फोटो छान दिसतो आणि काहीच सांगत नाही. तीन फोटो पुरे: पूर्ण उघडलेली गोधडी, कोपरा दुमडून दिसणारी पाठ, आणि दोन ओळींमध्ये ठेवलेली करंगळी. तिसरा काढताना उजेड बाजूने येऊ द्या, सकाळी खिडकीपाशी. समोरून किंवा फ्लॅश मारून काढला तर लाटा सपाट होतात आणि गोधडी छापील चादर वाटते. शिवतानाचे व्हिडिओ चालतात, पण वीस सेकंदांचा असू दे, एक दोरा ओवण्यापासून गाठ दडवेपर्यंत जलद फिरवलेला, आणि खाली "हे 210 वेळा" एवढंच लिहा.

आणि घासाघीस झालीच तर

होणारच. मीही भाजीवालीकडे करते. पण तासाचा दर खाली आणू नका, कारण एकदा आणला की आपणच सांगितलेली गोष्ट खोटी ठरते: पन्नास तास होते, मग पाचशे कमी झाले तेव्हा तास कुठे गेले? काम कमी करून दाखवा. "बजेट चार हजार आहे का? मग ही बोटाची घ्या, उबेला तेवढीच आहे." ते खरंही आहे, ऊब थरांवर असते, ओळींवर नाही. जवळच्या ओळींनी गोधडी टिकते जास्त, आत थर सरकत नाहीत. त्याहून कमी हवं असेल तर बाळाचं दुपटं आहे: तीन फूट बाय अडीच, त्याच करंगळीच्या अंतराने 180 फूट ओळ, सात-साडेसात तासांचा दोरा.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे आईच्या साड्या घेऊन येणारं. गेल्या मार्गशीर्षात एक जण सहा साड्या घेऊन आले, आई वर्षभरापूर्वी गेलेली. म्हणाले, "कापड आमचंच आहे, म्हणजे निम्म्यात होईल ना?" हा प्रश्न रागावण्यासारखा नाही, पण उत्तर सरळच द्यायला हवं. मी वही उघडली आणि साड्यांची ओळ दाखवली, 500 रुपये. "हे तुमचे वजा. बाकीचं तेवढंच राहतं." मग साड्या उजेडात धरल्या. दोन सुती, उत्तम. तीन सिंथेटिक: त्या आत घातल्या तर थर सरकतात, सुई घसरते, दोरा ओढला की बाजूचं कापड चुण्या धरतं. त्यांचे छोटे तुकडे फक्त वरच्या ठिगळांत बसतील, तेही खाली सुती अस्तर देऊन, आणि ठिगळांचे तास वाढतील. सहावी निऱ्यांपाशी पार विरलेली.

ते त्या विरलेल्या साडीवरून हात फिरवत होते. "ही ती रोज नेसायची," म्हणाले. मग तिचा पदर चांगला निघाला, पदराला घासणं कमी लागतं. तो मधोमध लावायचं ठरलं. बाहेरून तीन सुती साड्या घ्याव्या लागल्या. ठिगळांचे तीन तास वाढले. किंमत झाली 4,750 च्या थोडी खालीच, 4,700. कुठून किती आलं ते त्यांनी माझ्या वहीच्या पानाचा फोटो काढून नेलं.